आवाजाला खोली

‘तात्यांनी वाड्याचं दार लोटलं, आत पाऊल टाकलं आणि ते थबकले.’

घरच्या घरी कथावाचन ध्वनिमुद्रित करणारं कुणीतरी हे वाक्य वाचतंय, असं समजू या. दुपारची वेळ आहे, पंखा बंद केलेला आहे, खिडकीला जाड पडदा आहे, समोर वाळत घालायच्या स्टँडवर दोन गोधड्या टांगलेल्या आहेत. माइक तोंडापासून वीतभर अंतरावर. मुद्रण उत्तम झालं आहे. रस्त्यावरचा हॉर्न नाही, कुकरची शिट्टी नाही, प्रत्येक अक्षर लख्ख. तरीही हेडफोन लावून ऐकलं की काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. आवाज समोरून येत नाही, तो कानाच्या पाळीला चिकटून बसतो. कथेतल्या वाड्याचं राहू द्या, हा माणूस कुठल्याही घरात बसलेला वाटत नाही.

ध्वनिमुद्रणाच्या धंद्यात अशा आवाजाला ‘ड्राय’ म्हणतात. मग संगणकातल्या संपादनाच्या प्रणालीतला रिव्हर्ब उघडला जातो, जे आकडे दिसतात तेच ठेवून बटण दाबलं जातं, आणि लख्ख असलेलं वाक्य गढूळ होतं. ‘लोटलं’मधला ट विरघळतो, ‘थबकले’मधला क गिळला जातो. आवाजाला खोली मिळण्याऐवजी विहीर मिळते. दोष रिव्हर्बचा नसतो. खोलीत आवाजाचं काय होतं, त्यातला नेमका कोणता भाग घ्यायचा आणि कोणता सोडायचा, हे ठरवलेलं नसतं एवढंच.

शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात दोन शब्द शेजारीशेजारी येतात: प्रतिध्वनी आणि निनाद. विजापूरच्या गोल घुमटात टाळी वाजवली की ती सुटी सुटी पुन्हा ऐकू येते, तो प्रतिध्वनी. देवळाच्या गाभाऱ्यात ‘ओम्’ म्हटल्यावर तोंड मिटलं तरी आवाज दगडात भरून राहतो, तो निनाद. रिव्हर्ब म्हणजे हा निनाद. पण साध्या दिवाणखान्यातही तो असतो, फक्त इतका आखूड की वेगळा कळत नाही. घर बदलताना सामान बाहेर गेल्यावर आपलाच आवाज परका वाटतो, आणि गाद्या-पडदे नव्या घरात लागले की तिथला आवाज निवतो. सामानाने काय शोषून घेतलं होतं, ते त्या दिवशी कळतं.

खोलीत बोललेला शब्द ऐकणाऱ्याच्या कानापर्यंत तीन हप्त्यांत येतो. पहिला थेट तोंडातून. दुसरा हप्ता एकेकदा भिंतीवर, छतावर, फरशीवर आपटून आलेल्या मोजक्या परतींचा. तिसरा म्हणजे आपटून आपटून इतक्या झालेल्या परतींचा थवा की एकेक ओळखू येत नाही. तो नुसता विरत जाणारा शेपटा असतो. ध्वनी एका मिलिसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात, सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. त्यामुळे घरातल्या खोलीत दुसरा हप्ता पहिल्यापाठोपाठ काही मिलिसेकंदांत हजर होतो.

एवढ्या लगेच आलेली परत कानाला वेगळी ऐकू येत नाही. हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने १९४९ साली आपल्या प्रबंधात हे बोललेल्या शब्दांवर तपासून दाखवलं. सुमारे ३० मिलिसेकंदांच्या आत आलेली परत मूळ आवाजात मिसळून जाते, आणि ती थोडी मोठी असली तरी आवाज पहिल्याच दिशेने आल्यासारखा वाटतो. कान त्या परतीला टाकून मात्र देत नाही. तिच्यातून तो भिंती किती लांब आहेत, बोलणारा किती जवळ आहे याचा अंदाज बांधतो. शब्दाला थोडी ताकदही तिच्यातून मिळते. म्हणूनच सभागृहांची मोजमापं करणारे लोक बोलण्याच्या बाबतीत पहिल्या ५० मिलिसेकंदांतल्या परतींना उपकारक धरतात आणि त्यानंतरच्या परतींना अडथळा.

खोलीची ओळख या सुरुवातीच्या परतींत असते. गढूळपणा शेपटात असतो. नैसर्गिक रिव्हर्बची सगळी कारागिरी या दोन वाक्यांमधल्या अंतरात आहे.

शेपूट गढूळ का करतं, हे अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाला फार महागात पडून कळलं. १८९५ मध्ये तिथल्या फॉग कलासंग्रहालयाचं नवं व्याख्यानगृह बांधून झालं आणि त्यात प्राध्यापकाचं बोलणंच कळेना. वॉलेस सबीन या तरुण भौतिकशास्त्रज्ञाकडे काम आलं. त्याने ऑर्गनची नळी वाजवून, ती थांबल्यावर आवाज ऐकू येईनासा व्हायला किती वेळ लागतो ते रात्रीच्या शांततेत मोजलं. रिकाम्या सभागृहात तो वेळ साडेपाच सेकंदांच्या घरात होता. मग शेजारच्या सँडर्स नाट्यगृहातल्या बैठकीच्या गाद्या आणून तो रचत गेला आणि पुन्हा पुन्हा मोजत गेला. सगळ्या गाद्या आत आल्या तेव्हा वेळ सव्वा सेकंदाच्याही खाली उतरला होता. आवाज ६० डेसिबलने उतरायला लागणारा वेळ म्हणजे निनादकाल, ही आजची मोजपट्टी त्याच्याच कामातून आली.

ती मोजपट्टी तात्यांच्या वाक्याला लावून पाहू. सावकाश वाचणारा माणूस सेकंदाला साधारण पाच अक्षरं उच्चारतो, म्हणजे एका अक्षराच्या वाट्याला २०० मिलिसेकंद येतात. निनादकाल दोन सेकंद असेल तर एका सेकंदात आवाज ३० डेसिबल उतरतो आणि एका अक्षराच्या वेळात फक्त ६. पुढचं अक्षर उच्चारलं जातं तेव्हा मागचं जवळपास तितकंच जागं असतं, त्याच्या मागचंही. निनादकाल अर्धा सेकंद केला की त्याच २०० मिलिसेकंदांत आवाज २४ डेसिबल खाली जातो, आणि पुढच्या अक्षराला जागा मिळते. गाभाऱ्यातलं लांब स्वरांचं, संथ पठण शोभतं आणि तिथे कुणी भरभर पत्ता सांगितला तर कळत नाही, त्यामागचा हिशेबही हाच.

आता ‘थबकले’ हा शब्द जवळून पाहू. यातला क उच्चारायच्या आधी जिभेचा मागचा भाग वर टेकतो, हवा अडते आणि क्षणभर आवाज जवळजवळ बंद होतो. मग हवा सुटते. ती मिटलेली जागा शंभर मिलिसेकंदांच्याही आतली असते, पण कान क ओळखतो तो बराचसा तिच्यावरून. ट, प, त यांचंही तसंच. लांब शेपूट नेमकं याच फटीत शिरतं. मागच्या ‘ब’मधला अ अजून घुमत असतो, तो फट भरून टाकतो, आणि व्यंजन उच्चारलेलं असूनही ऐकू येत नाही. गढूळ म्हणतो ते बहुतेक वेळा हे: शब्दांतल्या छोट्या छोट्या शांतता बुजणं.

म्हणून एकट्या बोलत्या आवाजासाठी निनादकाल ०.४ ते ०.६ सेकंदांच्या दरम्यान ठेवावा. सामान असलेली मोठी खोली किंवा दिवाणखाना साधारण असाच असतो. गाण्यात तीन सेकंदांचा रिव्हर्ब सुंदर लागतो, कारण तिथे स्वर ताणलेले असतात आणि शब्दांमध्ये जागा असते. तीच जोडणी जशीच्या तशी कथावाचनावर आणून बसवणं ही नवख्यांची सर्वात मोठी चूक.

दुसरी गोष्ट मोकळ्या वेळेची, म्हणजे थेट आवाज आणि पहिली परत यांच्यामधल्या अंतराची. रिव्हर्बच्या खिडकीत तिला `Pre-delay` म्हणतात आणि तिच्याबद्दल गैरसमज फार आहे. ती वाढवली की आवाज लांब जाईल असं वाटतं. प्रत्यक्षात उलट होतं. बोलणारा आणि ऐकणारा दोघांपासून बाजूची भिंत १.८ मीटरवर आहे असं धरू. दोघांत ३० सेंटिमीटर अंतर असेल, तर भिंतीवरून येणारा आवाज सुमारे ३.६ मीटर चालतो. थेट आवाजापेक्षा ३.३ मीटर जास्त. म्हणजे पहिली परत जवळजवळ १० मिलिसेकंद उशिरा येते. तीच माणसं चार मीटरवर गेली, तर दोन वाटांमधला फरक १.४ मीटरच उरतो आणि परत ४ मिलिसेकंदांत येते. माणूस जितका जवळ, तितका त्याच्या आवाजाच्या आणि खोलीच्या मध्ये मोकळा वेळ अधिक.

वीतभर अंतरावरून मुद्रित केलेल्या आवाजात श्वास, ओठांची हालचाल, जिभेचा स्पर्श सगळं ऐकू येतं. कानाच्या दृष्टीने हा माणूस अगदी जवळ आहे. त्याच्यावर लगेच सुरू होणारी खोली चढवली की दोन साक्षी एकमेकींना खोडतात: श्वास सांगतो जवळ, खोली सांगते लांब. ऐकणाऱ्याला कारण उमगत नाही, पण खोटेपणा लगेच जाणवतो. म्हणून १० ते २० मिलिसेकंदांची मोकळीक द्यावी. तेवढ्या वेळात व्यंजनाचा पहिला ठोका स्वच्छ निघून जातो आणि मग खोली बोलते. फार वाढवली, ५०-६० च्या पुढे नेली, की खोली आवाजापासून सुटते आणि मागे कुणीतरी नक्कल करतंय असं ऐकू येऊ लागतं.

तिसरी गोष्ट खर्जाची. आकाशवाणीच्या निवेदकांचा भारदस्त आवाज ज्यामुळे अधिक भारदस्त वाटतो, तो माइकचा एक गुण आहे. एका दिशेने ऐकणाऱ्या माइकच्या जवळ गेलं की खालच्या पट्टीचे स्वर फुगतात. कोरड्या आवाजात हा फुगवटा गोड लागतो. पण तोच रिव्हर्बमध्ये गेला की प्रत्येक अक्षरामागे एक हुंकार उरतो, आणि ‘भ’, ‘फ’ यांतला हवेचा धक्का तर ढोलावर थाप मारल्यासारखा घुमतो. खऱ्या खोलीत असं होत नाही, कारण ऐकणारा वीतभर अंतरावर नसतो आणि तो फुगवटा खोलीपर्यंत पोचलेलाच नसतो. म्हणजे रिव्हर्बकडे पाठवण्याआधी खर्ज कापणं ही तडजोड नाही, ती माइकने केलेली भर परत काढून घेणं आहे.

लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओतले ध्वनिमुद्रक हे फार पूर्वीपासून करत आले. रिव्हर्बकडे जाणाऱ्या आवाजातून ६०० हर्ट्झच्या खालचा आणि १०,००० हर्ट्झच्या वरचा भाग ते गाळून टाकत. वाद्यमेळाच्या गर्दीत तेवढी कठोर गाळणी योग्यच होती. एकट्या आवाजाच्या मागे मात्र ६०० ची गाळणी लावली तर खोली पत्र्याची वाटते. तिथे २५० ते ३०० हर्ट्झ पुरे. वरच्या बाजूला ६,००० च्या आसपास कापावं. पडदे, गाद्या आणि हवा स्वतःच वरचे स्वर आधी खातात. खऱ्या खोलीची परत नेहमी मूळ आवाजापेक्षा थोडी मळकट असते. ती तशी नसेल तर मराठीत लगेच कळतं, कारण आपल्याकडे स, श आणि ‘चमचा’मधला च यांची रेलचेल आहे. न गाळलेल्या रिव्हर्बमध्ये प्रत्येक स मागे फवारा उडतो.

हे सगळं ऑडॅसिटी या मोफत प्रणालीत करता येतं. तिच्यातल्या `Reverb`ची खिडकी उघडली की `Room Size` ७५ वर असतं आणि मूळ आवाज व रिव्हर्ब जवळजवळ सारख्याच पातळीवर असतात. पहिल्या प्रयत्नात विहीर मिळते ती यामुळे. शिवाय `Effect`च्या यादीतून लावलेला परिणाम थेट मूळ मुद्रणावर लागतो आणि नंतर कमी-जास्त करता येत नाही. म्हणून रिव्हर्ब वेगळ्या ट्रॅकवर ठेवावा.

आधी मूळ वाचनाचं संपादन पूर्ण करावं: चुका कापणं, श्वास बसवणं, आवाजाची पातळी समान करणारा कॉम्प्रेसर लावणं. हे नंतर केलं तर कॉम्प्रेसर शब्दांमधल्या हळू जागा वर उचलतो, आणि त्या जागांत आता शेपूट असतं. मेहनतीने दाबलेला निनाद पुन्हा डोकं वर काढतो. मग ट्रॅक निवडून `Ctrl+D` दोनदा. मिळालेल्या दोन प्रती एकाखाली एक ठेवून वरच्या प्रतीच्या यादीतून `Make Stereo Track` निवडायचं. वाचन मधोमध राहतं आणि खोली त्याच्या दोन्ही बाजूंना पसरते. नेमकी आवाजाच्या पाठीमागेच राहिली असती तर तिने शब्द अधिक झाकले असते.

या जोडप्रतीवर आधी `High-Pass Filter` ३०० हर्ट्झला आणि `Low-Pass Filter` ६,००० हर्ट्झला, दोन्हींचा उतार १२ डेसिबल. नंतर `Reverb`: `Room Size` ३०, `Pre-delay` १०, `Reverberance` ४०, `Damping` ५०, `Stereo Width` १००, आणि `Wet Only`वर खूण. ही खूण विसरली तर प्रतीत मूळ आवाजही राहतो आणि सगळा हिशेब बिघडतो. या आकड्यांनी शेपूट साधारण अर्ध्या सेकंदात विरतं. सुरुवातीच्या परतींसाठी या खिडकीत वेगळी सोय नाही. खोली लहान ठेवली की परती लवकर आणि दाट येतात, त्यामुळे काम भागतं. `Pre-delay` १० च का, तर खोली लहान असली तरी या रिव्हर्बच्या स्वतःच्या पहिल्या परतीला काही मिलिसेकंद लागतात, आणि दोन्ही मिळून हवी तेवढी मोकळीक होते.

आता जोडप्रतीची पातळी पूर्ण खाली ओढून वाक्य सुरू करायचं आणि हळूहळू वर न्यायचं. उणे १८ डेसिबलच्या आसपास खोलीची चाहूल लागू लागते. ‘इथे रिव्हर्ब आहे’ असं स्पष्ट कळलं की तिथून ३ डेसिबल खाली यावं. त्यानंतर वाक्य चालू असतानाच ती प्रत बंद करून पाहावी. बंद केल्यावर आवाज पुन्हा कानाला चिकटला, आणि चालू केल्यावर शब्द तेवढेच स्पष्ट राहिले, तर जागा बरोबर आहे. ही पातळी रात्री उशिरा ठरवू नये. कान दोन तास रिव्हर्ब ऐकून सरावतात आणि हात वर वर सरकत राहतो. सकाळी तेच ऐकताना दिवाणखान्याचं मंगल कार्यालय झालेलं असतं.

ऐकताना लक्ष दोन ठिकाणी द्यावं. एक, ‘थबकले’ नंतरची शांतता. तिथे शेपूट एकटं सापडतं, म्हणून त्याचा हुंकार किंवा धातूसारखा खणखणाट तिथेच कळतो. हुंकार असेल तर गाळणी ३०० वरून ४०० ला न्यावी. खणखणाट असेल तर `Damping` वाढवावं. दुसरं ठिकाण म्हणजे ‘पाऊल टाकलं’. यातले ट आणि क ऐकू येत नसतील तर पातळी कमी करण्याआधी `Reverberance` कमी करावं. पातळी कमी केली की खोलीही जाते. शेपूट आखूड केलं की खोली राहते आणि गाळ जातो. शेवटी एकदा मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर ऐकावं. पुष्कळ श्रोते भांडी घासताना, भाजी चिरताना तसंच ऐकणार आहेत, आणि तिथे दोन बाजूंची खोली पुन्हा एका बिंदूत गोळा होते. तिथेही शब्द सुटे असले पाहिजेत.

काही मुद्रणं मात्र यानेही सुधारत नाहीत. लाकडी कपाटात डोकं खुपसून केलेलं वाचन कोरडं वाटतं, पण त्यात कपाटाच्या फळ्यांच्या अगदी लगेचच्या परती आधीच मिसळलेल्या असतात. असा आवाज डब्यातून आल्यासारखा वाटतो. त्यावर रिव्हर्ब चढवला की डबा खोलीत ठेवल्यासारखा ऐकू येतो. तिथे पुन्हा वाचणं हाच उपाय. गोधड्या टांगायच्या तर त्या तोंडापासून हातभर लांब आणि वाचणाऱ्याच्या पाठीमागेही असाव्यात, कारण माइकचं तोंड त्याच बाजूला असतं.

राहता राहिला प्रश्न वाड्याचा. तात्या अंगणातून ओसरीवर, ओसरीवरून माजघरात जातील, तसतशी खोली बदलण्याचा मोह होतो. कथावाचनात तो टाळावा. श्रोत्याशेजारी बसलेला माणूस गोष्ट सांगतो आहे. तो आपल्या जागेवरून हललेला नाही. तात्यांचं स्वतःचं बोलणं वेगळ्या आवाजात असेल, तर त्या तेवढ्या संवादाला मोठी खोली देता येते, कमी `Pre-delay` आणि जरा जास्त पातळी देऊन. तो माणूस मग खरोखर पलीकडे उभा वाटतो आणि सांगणारा अलीकडेच राहतो.

फाइल तयार करण्याआधी शेवटचं काम उरतं. रिव्हर्ब लावायच्या आधीच मूळ ट्रॅकच्या अखेरीस दोन सेकंदांची शांतता जोडलेली असावी. ती नसेल तर शेवटच्या शब्दाबरोबर ट्रॅक संपतो, आणि जी खोली इतका वेळ कुणाच्या लक्षातही आली नव्हती ती कात्रीने कापल्यासारखी एकदम नाहीशी होते.